एमिटर फॉलोअरचा गेन ०.७७ का येतो, आणि आउटपुट रेझिस्टन्स १४ ऐवजी ५५ ओम का

प्रश्न: सर, बीसी५४७बी वापरून एमिटर फॉलोअर केला आहे. सप्लाय १२ व्होल्ट, बेसला वरून ८२ के, खालून १२० के, एमिटरला ३.३ के. सिग्नल १० के मधून येतो, आउटपुटला १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून १ के लोड आहे. मल्टिमीटरवर hFE २०० दिसतो. पुस्तकात गेन जवळजवळ १ म्हटलाय, मला ०.७७ मिळतो. आउटपुट रेझिस्टन्स re इतका, म्हणजे १४ ओम धरला होता, मोजला तर ५५ च्या आसपास येतो. स्मॉल सिग्नल मॉडेलवरून गेन, इनपुट रेझिस्टन्स आणि आउटपुट रेझिस्टन्स नक्की कसे काढायचे? आणि β+1 ने कुठे गुणायचं, कुठे भागायचं?

उत्तर: तुमचं सर्किट ठीक आहे आणि मोजमापही ठीक आहे. ०.७७ आणि ५५ हे दोन्ही आकडे मॉडेलमधून जसेच्या तसे निघतात. फक्त त्यासाठी एक समज सोडावी लागेल, ती म्हणजे इनपुट रेझिस्टन्स आणि आउटपुट रेझिस्टन्स हे ट्रान्झिस्टरचे स्वतःचे ठरलेले गुण आहेत. फॉलोअरमध्ये तसं नसतं. बेसकडून पाहिलं की एमिटरला जोडलेला लोड दिसतो, फक्त मोठा होऊन. एमिटरकडून पाहिलं की बेसला जोडलेला सोर्स दिसतो, फक्त लहान होऊन. म्हणून लोड सांगितल्याशिवाय इनपुट रेझिस्टन्स सांगता येत नाही, आणि सोर्स सांगितल्याशिवाय आउटपुट रेझिस्टन्स सांगता येत नाही.

आधी डीसी पाहू, कारण मॉडेलमधले आकडे तिथूनच येतात. ८२ आणि १२० किलोओमच्या विभाजकाचं थेवेनिन रूप केलं तर ७.१३ व्होल्ट आणि त्याच्या मागे ४८.७ किलोओम मिळतात. बेस-एमिटर व्होल्टेज ०.६५ धरलं आणि β २०० घेतला, की बेस करंट असा येतो:

```
IB = (7.13 - 0.65) / (48.7k + 201 × 3.3k) = 9.1 µA
IC = 200 × 9.1 µA = 1.82 mA
VE = 201 × 9.1 µA × 3.3k ≈ 6.04 V
```

एमिटर सप्लायच्या निम्म्यावर आहे, म्हणजे बायस चांगला आहे. थर्मल व्होल्टेज २६ मिलिव्होल्ट धरून मॉडेलचे घटक काढले:

```
gm = 1.82 mA / 26 mV = 70 mA/V
rπ = β / gm = 200 / 0.070 = 2.86 kΩ
re = 26 mV / IE = 14.2 Ω
```

`rπ` आणि `re` या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच जंक्शनचा रेझिस्टन्स बेसच्या बाजूने मोजला तर २.८६ किलोओम, एमिटरच्या बाजूने मोजला तर १४.२ ओम. दोघांत २०१ पटींचा फरक आहे, कारण त्याच व्होल्टेजच्या बदलाला बेसमधून जेवढा करंट वाहतो त्याच्या २०१ पट एमिटरमधून वाहतो.

आता मॉडेल काढा. १२ व्होल्टची रेल सिग्नलच्या दृष्टीने ग्राउंड आहे, म्हणून कलेक्टर ग्राउंडला जातो. ८२ आणि १२० किलोओम दोन्ही बेसपासून ग्राउंडकडे समांतर येतात, म्हणजे ४८.७ किलोओम. बेस आणि एमिटरच्या मध्ये `rπ`. कलेक्टरकडून, म्हणजे ग्राउंडकडून, एमिटरकडे येणारा `gm·vπ` हा अवलंबी करंट सोर्स. एमिटरपासून ग्राउंडला ३.३ किलोओम आणि, कपॅसिटर शॉर्ट धरल्यामुळे, १ किलोओमचा लोड. दोन्ही मिळून ७६७ ओम. याला आपण `Re'` म्हणू. ट्रान्झिस्टरचा `ro` सुद्धा इथेच समांतर येतो, पण १.८ मिलिअँपिअरला तो काही दहा किलोओमचा असतो. ७६७ ओमच्या शेजारी त्याने एक-दीड टक्क्याचा फरक पडेल, म्हणून हिशेबात घेत नाही. एमिटरला रेझिस्टरऐवजी करंट सोर्स लावला आणि लोडही फार मोठा असला, तर मात्र `ro` विसरून चालत नाही.

या चित्रात एकच जागा नीट पाहायची आहे, एमिटरचा नोड. तिथे `rπ` मधून `ib` येतो आणि अवलंबी सोर्समधून `gm·vπ` येतो. `vπ` म्हणजे `ib·rπ`, आणि `gm·rπ` म्हणजे β. म्हणजे `Re'` मधून खाली जाणारा करंट `(β+1)·ib`. प्रश्नातल्या गुणाकार-भागाकाराचं उत्तर या एका ओळीत आहे. बेसमध्ये एक एकक करंट गेला की एमिटरच्या फांदीत २०१ एकक वाहतात. बेसकडून पाहणाऱ्याला एमिटरमधल्या ओममागे २०१ पट व्होल्टेज दिसतं, म्हणून तो ओम २०१ पट वाटतो. एमिटरकडून पाहणाऱ्याने २०१ एकक करंट ढकलला तरी बेसच्या फांदीत त्यातला एकच एकक जातो, म्हणून तिथला ओम २०१ ने भागलेला वाटतो. सूत्र पाठ करण्यापेक्षा एवढंच विचारा: मी कुठून पाहतोय, आणि मधे ट्रान्झिस्टर ओलांडावा लागतो का?

गेन आणि इनपुट रेझिस्टन्स

बेसपासून सुरुवात करून व्होल्टेज मांडलं:

```
vb = ib·rπ + (β+1)·ib·Re'
ve = (β+1)·ib·Re'
```

दुसऱ्याला पहिल्याने भागलं की बेसपासून एमिटरपर्यंतचा गेन मिळतो, आणि पहिल्याला `ib` ने भागलं की बेसमध्ये पाहताना दिसणारा रेझिस्टन्स मिळतो:

```
ve/vb = (β+1)Re' / [rπ + (β+1)Re'] = Re' / (re + Re')
      = 767 / (14.2 + 767) = 0.982

Rib   = rπ + (β+1)Re' = 2.86k + 201 × 767 ≈ 157 kΩ
```

पुस्तकातला ‘जवळजवळ १’ तो हा, ०.९८२. तो बेसपासून एमिटरपर्यंतचा आहे. तुम्ही मोजताय तो सिग्नलच्या उगमापासून लोडपर्यंतचा. या दोन्हींच्या मधे १० किलोओम आहे, आणि त्याच्यापुढे ट्रान्झिस्टर एकटा नाही, बायसचा विभाजकही आहे. उगमाला दिसणारा इनपुट रेझिस्टन्स असा:

```
Rin = 48.7k || 157k = 37.2 kΩ
vb/vs = 37.2 / (10 + 37.2) = 0.788
vo/vs = 0.788 × 0.982 = 0.774
```

हा तुमचा ०.७७. गळती कुठे झाली ते आकड्यांवरूनच दिसतं. ट्रान्झिस्टरने जेमतेम दोन टक्के खाल्ले, बाकी एकवीस टक्के इनपुटच्या विभाजनात गेले. आणि त्यातही दोषी ट्रान्झिस्टरचे १५७ किलोओम नाहीत, तुमचे ८२ आणि १२० किलोओम आहेत. जास्त β चा ट्रान्झिस्टर आणून पाहिला तर हे पटेल. β ४५० झाला तर `Rib` ३५० किलोओमच्या पुढे जाईल, पण `Rin` ३७ वरून फक्त ४३ किलोओमपर्यंत सरकेल आणि एकूण गेन ०.८० च्या आसपास थांबेल. ‘एमिटर फॉलोअरचा इनपुट रेझिस्टन्स खूप जास्त असतो’ हे वाक्य तोंडी परीक्षेत ऐकलं की मी नेहमी विचारतो: बायस रेझिस्टर धरून की सोडून?

एवढ्यावरून फॉलोअर निरुपयोगी ठरत नाही. तोच १० किलोओमचा सोर्स थेट १ किलोओमच्या लोडला जोडला असता तर अकरावा भाग, म्हणजे ०.०९ उरला असता. फॉलोअरने तो ०.७७ वर आणला.

आउटपुट रेझिस्टन्स

इथे विद्यार्थी सर्वांत जास्त घसरतात, म्हणून जरा सावकाश जाऊ. लोड काढायचा. सिग्नलचा उगम शून्य करायचा, म्हणजे व्होल्टेज सोर्सच्या जागी वायर. पण त्याच्या मालिकेतला १० किलोओम तिथेच राहतो. मग एमिटरला `vx` हे परीक्षक व्होल्टेज लावायचं आणि आत जाणारा `ix` मोजायचा.

दोन चुका इथे होतात. पहिली: उगम शून्य केला, मग सगळेच सोर्स शून्य, असं समजून `gm·vπ` सुद्धा खोडून टाकणं. तो अवलंबी सोर्स आहे. `vπ` शून्य असेल तरच तो शून्य. एमिटरला आपण `vx` लावलं की बेस-एमिटरमध्ये व्होल्टेज पडतंच, उलट दिशेने, आणि तो सोर्स जागा होतो. तो खोडला तर उत्तर २०१ पट फुगतं. एमिटरमध्ये पाहताना ११ किलोओम दिसतात, आणि ३.३ किलोओम समांतर धरूनही आउटपुट रेझिस्टन्स अडीच किलोओमच्या वर येतो. फॉलोअरचा आउटपुट रेझिस्टन्स किलोओममध्ये आला, की बहुतेक वेळा हीच गफलत झालेली असते.

दुसरी चूक तुमची. उगम शून्य केला म्हणजे बेस थेट ग्राउंडला गेला असं धरायचं, आणि उत्तर `re`. बेस ग्राउंडला जातो, पण १० किलोओम आणि ४८.७ किलोओम यांच्या समांतर जोडीतून. ती जोडी ८.३ किलोओमची आहे. तिला `Rs'` म्हणू. बेसमधून ग्राउंडकडे वाहणारा करंट `vx/(rπ+Rs')`, आणि अवलंबी सोर्स त्याच्या β पट करंट त्याच दिशेने ओढतो. म्हणून:

```
ix = vx/RE + (β+1)·vx/(rπ + Rs')

Rout = RE || (rπ + Rs')/(β+1)
     = RE || [re + Rs'/(β+1)]
     = 3.3k || [14.2 + 8300/201]
     = 3.3k || 55.5 ≈ 54.6 Ω
```

चौकटी कंसातली बेरीज पाहा: १४.२ अधिक ४१.३. तुम्ही धरलेले १४ ओम त्यात आहेतच. त्यांच्यावर ४१ ओमची भर पडली ती सोर्सची, एमिटरच्या दारातून २०१ ने भागून दिसणारी. फंक्शन जनरेटरचे ५० ओम थेट बेसला जोडले असते, तर भर फक्त पाव ओमची झाली असती आणि तुमचा १४ चा आकडा खरा ठरला असता. म्हणजे `re` हा आउटपुट रेझिस्टन्सचा तळ आहे. सोर्स जितका कडक, तितके तुम्ही तळाजवळ.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. आउटपुट रेझिस्टन्स आणखी कमी हवा म्हणून कलेक्टर करंट वाढवण्याकडे हात जातो, कारण `re` करंटच्या व्यस्त प्रमाणात असतो. तुमच्या सर्किटमध्ये करंट दुप्पट केला तर १४ चे ७ होतील, ५५ चे जेमतेम ४८. मोठा वाटा ४१ ओमचा आहे आणि तो β वर अवलंबून आहे. इथे जास्त β चा ट्रान्झिस्टर मात्र खरंच उपयोगी पडतो. β ४५० असेल तर आउटपुट रेझिस्टन्स सुमारे ३२ ओमवर येतो. इनपुटच्या बाजूला β वाढवून फारसं हाती लागलं नव्हतं, आउटपुटच्या बाजूला लागतं. कारण तिकडे विभाजक आड येतो, इकडे येत नाही.

दोन वाटांनी एकच उत्तर

गणित बरोबर आहे की नाही हे तपासायची एक खात्रीची रीत आहे. लोड काढून गेन काढा, मग `Rout` वापरून लोड जोडा. उत्तर आधीच्या ०.७७४ शी जुळलं पाहिजे.

लोड नसताना एमिटरला फक्त ३.३ किलोओम. मग `Rib` ६६६ किलोओम, विभाजकासह इनपुट ४५.४ किलोओम, इनपुटचं विभाजन ०.८२०, बेस ते एमिटर गेन ०.९९६. एकूण ०.८१६. आता या ०.८१६ च्या मागे ५४.६ ओम आहेत आणि पुढे १ किलोओम:

```
0.816 × 1000 / (1000 + 54.6) = 0.774
```

जुळलं. या तपासणीत एक सापळा आहे. काही जण लोड धरून काढलेला ०.७७४ घेतात आणि त्याला पुन्हा `Rout` च्या विभाजनाने गुणतात. मग लोड दोनदा मोजला जातो आणि ०.७३ असं काहीतरी येतं. लोड `Re'` मध्ये घेतला असेल तर `Rout` लावायचा नाही. `Rout` लावायचा असेल तर गेन बिनलोडचा घ्यायचा. दोन्ही वाटा बरोबर आहेत, पण मधेच वाट बदलायची नाही.

टेबलावर मोजताना

सिग्नल १ किलोहर्ट्झ, शिखर १०० मिलिव्होल्ट ठेवा. ऑसिलोस्कोपचा प्रोब १०एक्स वर असू द्या. १० किलोओमच्या आधी १०० मिलिव्होल्ट आणि नंतर, म्हणजे बेसच्या बाजूला, ७८.८ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. त्यावरून:

```
Rin  = 10k × 78.8 / (100 - 78.8) = 37.2 kΩ
Rout = RL × (V_noload / V_load - 1)
     = 1000 × (81.6 / 77.4 - 1) ≈ 54 Ω
```

दुसऱ्या ओळीत एक नाजूक बाब आहे. ८१.६ आणि ७७.४ हे दोन जवळचे आकडे आहेत. स्कोपच्या पडद्यावर एक मिलिव्होल्ट इकडेतिकडे वाचला तरी `Rout` चा आकडा तेरा-चौदा ओमने हलतो. तुमचा ५५ बरोबर निघाला हे चांगलंच, पण खात्रीचं मोजमाप हवं असेल तर लोड १०० ओमचा लावा. मग आउटपुट ५२.८ मिलिव्होल्टवर येईल, फरक ठळक दिसेल आणि वाचनातली चूक फार छळणार नाही. हे करतानाच बेसवरचं व्होल्टेजही पाहून घ्या. ते ७८.८ वरून ६०.५ मिलिव्होल्टच्या आसपास उतरलेलं दिसेल. लोड आउटपुटला बदलला आणि इनपुटला व्होल्टेज पडलं, कारण `Rib` १५७ वरून २२ किलोओमवर आला आणि `Rin` ३७ वरून १५ वर. उत्तराच्या सुरुवातीला जे म्हटलं, की बेसकडून लोड दिसतो, ते इथे पडद्यावर दिसतं. ज्याला फॉलोअर समजून घ्यायचा आहे त्याने हा प्रयोग एकदा हाताने करावाच.

कपॅसिटरचा हिशेबही तपासा. १० मायक्रोफॅरड आणि एकूण १०५५ ओम मिळून कोपरा १५ हर्ट्झला येतो, तेव्हा १ किलोहर्ट्झला तो शॉर्ट धरणं योग्य आहे. घाईत ०.१ मायक्रोफॅरड लागला तर कोपरा दीड किलोहर्ट्झला जाईल, आउटपुट जवळजवळ निम्म्यावर येईल, आणि दोष उगाच ट्रान्झिस्टरला जाईल. असं झालं आहे का हे ओळखायला फ्रीक्वेन्सी १० किलोहर्ट्झ करून पाहा. आउटपुट वाढलं तर कपॅसिटर लहान आहे, तसंच राहिलं तर कारण रेझिस्टन्सच्या हिशेबात आहे.

मॉडेल कुठे संपतं

स्मॉल सिग्नल मॉडेल `vπ` लहान असेपर्यंत खरं असतं, २६ मिलिव्होल्टच्या तुलनेत लहान. अनेकांना वाटतं की त्यासाठी इनपुटच काही मिलिव्होल्टचं हवं. कॉमन एमिटरमध्ये, एमिटर बायपास केलेला असेल तर, ते खरं आहे. फॉलोअरमध्ये एमिटर बेसच्या मागोमाग हलतो, म्हणून `vπ` ला बेसच्या सिग्नलचा फक्त १.८ टक्के वाटा येतो. बेसला ७९ मिलिव्होल्ट असताना `vπ` दीड मिलिव्होल्टसुद्धा नसतं. त्यामुळे हे मॉडेल इथे बऱ्याच मोठ्या सिग्नलपर्यंत साथ देतं.

पण एक मर्यादा मॉडेलमध्ये दिसतच नाही, आणि आउटपुट रेझिस्टन्स ५५ ओम आहे या भरवशावर राहणारे तिथे अडकतात. एनपीएन फॉलोअर लोडमध्ये करंट ढकलू शकतो, ओढू शकत नाही. आउटपुट खाली जाताना करंट ओढायचं काम ३.३ किलोओमच्या रेझिस्टरचं. ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट १.८३ मिलिअँपिअर आहे, तो शून्यावर आला की ट्रान्झिस्टर बंद. त्या क्षणापर्यंत आउटपुट खाली किती जाऊ शकतं ते सोपं आहे:

```
1.83 mA × (3.3k || 1k) = 1.83 mA × 767 Ω ≈ 1.4 V
```

एमिटरला ६ व्होल्ट आहेत म्हणून खाली ६ व्होल्टचा वाव आहे असं वाटतं, पण १ किलोओमच्या लोडवर तो १.४ व्होल्टच आहे. १०० ओमच्या लोडवर तर ०.१८ व्होल्ट. त्यापुढे साइन लाटेचा खालचा भाग सपाट कापलेला दिसतो आणि वरचा भाग गोल राहतो. हे चित्र दिसलं की गेनची सूत्रं पुन्हा तपासत बसू नका, स्थिर करंट वाढवा. एमिटर रेझिस्टर १ किलोओमचा केला तर करंट ५ मिलिअँपिअरच्या वर जातो आणि १ किलोओमच्या लोडवर अडीच व्होल्टपेक्षा जास्त वाव मिळतो. बदल्यात `Re'` ५०० ओमवर येतो, म्हणून `Rib` कमी होऊन शंभर किलोओमच्या जवळ जातो, आणि डीसीचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

०.७७ वाढवायचा असेल तर

गळती विभाजकात आहे, तेव्हा इलाजही तिथेच. ८२ आणि १२० किलोओमच्या ऐवजी आणखी मोठी जोडी लावली तर बेस करंटमुळे बायस β च्या भरवशावर जातो आणि ट्रान्झिस्टर बदलला की एमिटरचं व्होल्टेज सरकतं. त्यापेक्षा बूटस्ट्रॅप करा. विभाजकाचा मधला बिंदू थेट बेसला न जोडता ४७ किलोओममधून जोडा, आणि एमिटरपासून त्या मधल्या बिंदूला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. कपॅसिटरची पॉझिटिव्ह बाजू मधल्या बिंदूकडे ठेवा, कारण तो एमिटरपेक्षा वरच्या व्होल्टेजवर असतो.

आता ४७ किलोओमच्या एका टोकाला बेसचं सिग्नल आहे आणि दुसऱ्या टोकाला एमिटरचं, म्हणजे त्याच्या ०.९८ पट. त्याच्या दोन टोकांमध्ये सिग्नलचा फक्त दोन टक्के फरक उरतो, त्यातून करंटही तेवढाच जातो, आणि बेसला तो अडीच मेगाओमच्या आसपास वाटतो. विभाजकाचे ४८.७ किलोओम आता एमिटरच्या बाजूला लोड म्हणून गेले, ७६७ ओमच्या शेजारी ते जाणवतही नाहीत. इनपुट रेझिस्टन्स ३७ वरून सुमारे १४५ किलोओमवर जातो आणि एकूण गेन ०.७७ वरून ०.९१-०.९२ वर. डीसीमध्ये ४७ किलोओमवर ०.४ व्होल्ट पडतात, त्यामुळे एमिटर ६ वरून ५.६-५.७ व्होल्टवर येईल. ते चालेल.

एक शेवटची बाब, विशेषतः लोड लांब केबलच्या टोकाला असेल तर. मेगाहर्ट्झच्या पुढे ट्रान्झिस्टरचा β घसरू लागतो. मग `Rs'/(β+1)` हा भाग वाढत जातो, म्हणजे आउटपुट रेझिस्टन्स फ्रीक्वेन्सीबरोबर वर चढतो, इंडक्टरसारखा. केबलची कपॅसिटन्स त्याला भेटली की फॉलोअर वाजू लागतो किंवा थेट दोलन करतो. स्कोपवर आधी फक्त रेघ जाड झालेली दिसते, टाइमबेस जलद केल्यावर आतली उंच फ्रीक्वेन्सी कळते. मल्टिमीटरला यातलं काही दिसत नाही, त्याच्यावर फक्त डीसी व्होल्टेज हिशेबापेक्षा थोडं सरकलेलं दिसतं. असं झालं तर बेसच्या मालिकेत ४७ ते १०० ओमचा रेझिस्टर टाका, तो बेसच्या पायाला अगदी लागून हवा, आणि कलेक्टरजवळ रेलपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर द्या. तेवढ्याने थांबलं नाही तर आउटपुटला, केबलच्या आधी, ४७ ओम मालिकेत द्या. हे ४७ ओम तुमच्या ५४.६ मध्ये मिळवून गेन पुन्हा काढा.